सातबारा आणि जीआयएसमधलं क्षेत्र जुळत नाही

प्रश्न: जळगावकडच्या शेताचं सातबाऱ्यावर १.६२.०० हेक्टर आहे, म्हणजे ४ एकर. QGIS मध्ये मात्र १.८६ हेक्टर येतं. चूक कुठे?

उत्तर: चूक प्रोजेक्शनची आहे, सातबाऱ्याची नाही. १.८६ भागिले १.६२ म्हणजे १.१५. EPSG:3857 मध्ये `area(@geometry)` काढलं की आपल्या २१ अक्षांशावर क्षेत्र नेमकं एवढंच फुगतं. लेयर EPSG:32643 मध्ये रूपांतरित करून पुन्हा मोजा. फरक जेमतेम सव्वा टक्का असता, तर आर आणि गुंठा एकच धरल्याची शंका घेतली असती (ही चूक तर गावोगाव!): आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७, ४० गुंठ्यांचा एकर, हेक्टरमध्ये ९८.८४ गुंठे. फक्त तुलना करताना सातबाऱ्यावरचं पोटखराब्यासहित एकूण क्षेत्र घ्या.