सगळ्या माणसांचा जीव सारखाच मोलाचा असेल, तर आपल्या भावाला किंवा मित्राला परक्याच्या आधी मदत करणं नैतिकदृष्ट्या चूक ठरतं का?

अजिबात चूक नाही. मी माझ्या धाकट्या भावाला किडनी दिलीये आणि हाच मुद्दा मला तोंडावर ऐकवला गेलाय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

भावाचं बीपी कित्येक वर्षं अंगावर काढलेलं. कळलं तेव्हा किडनी किती बिघडलीये ते सांगणारं क्रिएटिनिन हाताबाहेर गेलं होतं. मग आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, सुया टोचायला हातात शीर जोडून केलेला फिस्टुला, पाणी मोजून प्यायचं, आणि प्रिंटिंग प्रेसमधली नोकरी गेली. तो एकटा आहे, लग्न नाही, मूलबाळ नाही. आईचं वय झालेलं, म्हणजे उरले मी. ब्लड ग्रुप जुळला, क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे हवी तशीच, आली, मी हो म्हटलं.

तेव्हा मिस्टरांचे एक चुलत भाऊ घरी आले होते. खूप वाचलेला माणूस, मी त्यांना मानते. ते म्हणाले, "वहिनी, भावना बाजूला ठेवून बघा. वेटिंग लिस्टवर कोणीतरी तीस वर्षांची बाई असेल, पदरात दोन लहान मुलं असतील. तीच किडनी तिला मिळाली तर तीन आयुष्यं सावरतील. तुमच्या भावावर कोण अवलंबून आहे? तो तुमचा भाऊ आहे यात त्याची काय कर्तबगारी?"

आता, जिवंत माणसाने किडनी काढून वेटिंग लिस्टवरच्या अनोळखी माणसाला द्यायची वाटच आपल्याकडे जवळपास नाही. पण कायद्याच्या आड मला लपायचं नाही, कारण त्यांचा प्रश्न कायद्याचा नव्हताच.

हा युक्तिवाद जुना आहे. इंग्लंडमध्ये विल्यम गॉडविन या तत्त्वज्ञाने 1793 मध्ये लिहिलं की आग लागलीये आणि आर्चबिशप फेनेलाँ किंवा त्याची मोलकरीण यातलं एकच कोणी वाचवता येणार असेल तर फेनेलाँला वाचवा, कारण त्याच्या लिखाणाने हजारोंचं भलं होणारे, आणि ती मोलकरीण तुमची बायको किंवा आई असली तरी फरक पडत नाही. लोक खवळले. पुढच्या आवृत्तीत त्याने मोलकरणीच्या जागी नोकर आणि आईच्या जागी भाऊ, वडील घातले, मुद्दा तोच ठेवला. पण लग्न झालं, बायको बाळंतपणात गेली, आणि 1799 मध्ये त्याच माणसाने एका कादंबरीच्या प्रस्तावनेत घरच्या माणसांच्या मायेबद्दलचं आपलं मत बरंच मवाळ केलं.

ज्याने एकूण जास्तीत जास्त भलं होतं तेच योग्य मानणारे आजचे उपयुक्ततावादी इतके आडमुठे नाहीत. ते म्हणतात, प्रत्येकाने आपापल्या माणसांची काळजी घेतली की एकूण जगाचं भलंच होतं, कारण घरच्यांची गरज घरच्यांनाच नीट कळते, म्हणून भावाला द्या, आमची हरकत नाही. मला हे उत्तर जास्त खटकतं. म्हणजे मी भावाला किडनी द्यायची ती सोयीची वाटणी म्हणून, आणि उद्या जास्त भलं करणारी दुसरी व्यवस्था सापडली की माझं कर्तव्य संपलं? बर्नार्ड विल्यम्स नावाचे तत्त्वज्ञ होते, त्यांनी यावर नेमकं बोट ठेवलंय. बायको बुडताना दिसली की नवऱ्याने उडी मारायला ती आपली बायको आहे एवढंच पुरे. त्यावर "आणि अशा वेळी बायकोला आधी वाचवायला नीतीची परवानगी आहे" असा विचार करणारा एक विचार जास्तीचा करतोय. आम्ही एका ताटात जेवलोय, वडील गेल्यावर त्याने शाळा सोडून कामाला लागून माझं कॉलेज पुरं केलंय. त्या अनोळखी बाईचा जीव भावापेक्षा स्वस्त आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण माझ्यावर त्याचा हक्क आहे, तो तिचा नाही, आणि जीव सारखे असले म्हणून हक्क सारखे होत नाहीत.

भाऊजींचं म्हणणं मला पूर्ण उडवून लावता येत नाही ते एका ठिकाणी. ज्याला बहीणच नाही त्याने काय करायचं? आधीच ज्याला माणसं आहेत त्यालाच किडनीही मिळते, आणि एकटा माणूस दोन्हीकडून मागे राहतो. हे खरंय, आणि म्हणूनच ती यादी आहे. ब्रेन डेड झालेल्या माणसाची किडनी येते तेव्हा ती विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीप्रमाणे जाते, त्यात डायलिसिसवर किती काळ काढला याला गुण असतात, कोण कोणाच्या ओळखीचा आहे याला नसतात. माझ्या तपासण्या चालू असताना आईच्या माहेरच्या एकांनी सुचवलं होतं की अमुक पुढाऱ्याला फोन करू, नाव वर घेतील, तुला कापून घ्यायला नको. आई तयार होती. मी सरळ नाही म्हटलं आणि आई माझ्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. माझ्या पोटातली किडनी माझी आहे, ती मी माझ्या माणसाला देईन. यादीतला नंबर दुसऱ्या कोणाचा तरी आहे, तो भावासाठी ओढून घ्यायचा मला काही अधिकार नाही. माझ्या लेखी नात्याच्या कर्तव्याची हद्द इथे संपते. नोकरी लावणं, टेंडर देणं, परीक्षेत मार्क वाढवणं हे सगळं या हद्दीपलीकडचं, आणि लोक त्यालाही "आपल्या माणसासाठी केलं" म्हणतात याची मला चीड येते.

आणि स्वतःची वस्तू देतानाही मर्यादा असते. डीटीपीए स्कॅनमध्ये माझी कुठली किडनी किती काम करते ते बघितलं, त्यात फरक निघाला, तर डॉक्टर म्हणाले चांगली तुमच्याकडेच राहणार, कमी काम करणारी त्याला जाणार, नियमच आहे. मला एकटीला बसवून विचारलं की घरून दबाव आहे का, आणि ते चांगलं केलं. कितीतरी घरांत बहीण आहे, बायको आहे म्हणून तिने द्यायचीच असं धरून चालतात. ते कर्तव्य नव्हे, ती जबरदस्ती.

मित्राबद्दल विचारलंय. कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवराबायको, आईवडील, मुलं, भावंडं, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा-नातवंडं. मित्राला द्यायची तर आपुलकीच्या नात्याने देतोय हे अवयव द्यायला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे पटवावं लागतं, कारण मित्र म्हणवून किडन्या विकल्या गेल्यात. म्हणून सरकारने मित्रावर संशय घेणं मला मान्य आहे, पण त्यामुळे मैत्रीचं कर्तव्य कमी होत नाही, फक्त सिद्ध करायला अवघड जातं.

एक सांगायला हवं, पैशाच्या बाबतीत माझं हे सगळं इतकं घट्ट बसत नाही. भावाचा जीव वाचवणं वेगळं आणि भाचीच्या लग्नात हॉलवर लाखो उडवणं वेगळं. तिथे भाऊजींसारखी माणसं परक्यांच्या भुकेची आठवण करून देतात तेव्हा ती बरोबर असतात आणि "आमच्या घरचं कार्य" हे त्यावर उत्तर नाही.

पण त्या दिवशी ते बरोबर नव्हते. त्यांचे वडील आयसीयूत होते तेव्हा ते बंगळुरूचं काम टाकून आले, रात्ररात्र बाहेरच्या बाकावर बसले. शेजारच्या बेडवरच्या आजोबांचं कोणीच नव्हतं, त्यांच्यापाशी बसले असते तर कदाचित जास्त उपयोग झाला असता, वडील तर शुद्धीवरही नव्हते. तरी ते वडिलांपाशीच बसले आणि योग्य केलं, हे मी त्यांना तेव्हाही म्हटलं होतं. त्यांच्या सिद्धांतात त्या बाकाला जागा असेल तर माझ्या ऑपरेशनलाही आहे.