कार्ड खरेदीला चालते, परदेशी सबस्क्रिप्शनला अडते

प्रश्न : "माझ्या डेबिट कार्डावर रोज ऑनलाइन खरेदी होते, खात्यात पैसेही आहेत. पण परदेशी सॉफ्टवेअरचे मासिक सबस्क्रिप्शन घ्यायला गेलो की ओटीपी येतच नाही, थेट `Your card was declined` दिसते. किंमत तर रुपयांतच दाखवतात. तीन वेळा करून पाहिले. कार्डातच बिघाड आहे का?"

कार्डात बिघाड नाही. बिघाड असता तर रोजची खरेदीही अडली असती. तुमच्या वर्णनातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, एक म्हणजे ओटीपी न येणे आणि दुसरी म्हणजे किंमत रुपयांत दिसणे. त्यांपैकी दुसरी गोष्ट दिशाभूल करणारी असल्यामुळे आधी तिच्याविषयी लिहितो.

व्यवहार देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय, हे पडद्यावर कोणते चलन दिसते यावरून ठरत नाही. विक्रेत्याच्या वतीने पैसे गोळा करणारी बँक कोणत्या देशात आहे आणि विक्रेत्याची नोंद कोठे आहे, यावरून ते ठरते. परदेशी कंपनीने भारतीय ग्राहकांसाठी रुपयांत किंमत ठेवली आणि पैसे मात्र आयर्लंड किंवा सिंगापूर येथील खात्यात घेतले, तर तुमच्या बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार परदेशीच असतो. उलट, एखाद्या परदेशी नावाच्या कंपनीची भारतात स्वतंत्र नोंदणी असेल आणि ती भारतीय बँकेमार्फत पैसे घेत असेल, तर तोच व्यवहार देशांतर्गत ठरतो व तुम्हाला नेहमीप्रमाणे ओटीपी येतो. म्हणूनच ओटीपी न येणे ही चांगली खूण आहे. भारतातील ऑनलाइन खरेदीत ही दुसरी पडताळणी सक्तीची असते. परदेशी विक्रेत्यावर मात्र तसे बंधन नसल्याने तो बहुधा कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच रक्कम मागतो, आणि तुमची बँक होकार किंवा नकार तत्काळ कळवते.

आता तो नकार का येतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेने 15 जानेवारी 2020 रोजी कार्डांच्या सुरक्षिततेविषयी परिपत्रक काढले. त्यानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातील एटीएम आणि दुकानांतील स्वाइप यंत्रांवर चालते. ऑनलाइन वापर, परदेशातील वापर आणि टॅप करून पैसे देणे या सोयी ग्राहकाने स्वतः सुरू करायच्या असतात. शिवाय जी जुनी कार्डे तोवर ऑनलाइन किंवा परदेशी व्यवहारासाठी कधीच वापरली गेली नव्हती, त्यांवरील त्या सोयी बंद करायलाही सांगण्यात आले. तुम्ही देशांतर्गत ऑनलाइन वापर केव्हातरी सुरू केला असणार, म्हणून खरेदी होते. आंतरराष्ट्रीय वापराचे बटण वेगळे आहे आणि त्याला कोणीही हात लावलेला नसण्याची शक्यता मोठी आहे.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या व्यवस्थापनाचे पान उघडल्यावर बहुधा डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल असे दोन भाग दिसतात, आणि प्रत्येक भागात एटीएम, दुकान व ऑनलाइन यांची निरनिराळी बटणे असतात. तुम्हाला इंटरनॅशनल भागातील ऑनलाइन, म्हणजे काही ठिकाणी ई-कॉमर्स असे लिहिलेले, एवढेच बटण हवे आहे. परदेशातील एटीएम सुरू करण्याचे कारण नाही. बटण सुरू केल्यावर तेथेच न थांबता त्याखालची मर्यादा अवश्य पाहा.

हे आग्रहाने लिहिण्याचे कारण म्हणजे माझा स्वतःचा अनुभव. अक्षररचनेच्या एका सॉफ्टवेअरसाठी पैसे भरताना माझे कार्ड असेच नाकारले गेले होते. अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापराचे बटण हिरवे होते, त्यामुळे मी दोष संकेतस्थळाला देत राहिलो आणि एकाच संध्याकाळी चार वेळा प्रयत्न केला. बटणाच्या खाली एक सरकपट्टी होती, आणि तिचा गोळा अगदी डाव्या टोकाला, शून्यावर उभा होता. सोय सुरू, पण तिच्यावर खर्च करण्याची मर्यादा शून्य रुपये, असा तो प्रकार होता. ग्राहकसेवेने मला दोनदा "तुमचे कार्ड सक्रिय आहे" एवढेच सांगितले, आणि ते खरेही होते, कारण त्यांनी कार्डाची स्थिती पाहिली होती, व्यवहाराच्या नकाराचे कारण पाहिले नव्हते.

मर्यादा ठेवताना नेमकी सबस्क्रिप्शनची रक्कम ठेवू नका. समजा सबस्क्रिप्शन 20 डॉलरचे आहे आणि हिशेबापुरता डॉलर 90 रुपयांचा धरला, तर मूळ रक्कम 1,800 रुपये होते. बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर साधारण 2 ते 3.5 टक्के अधिभार घेतात आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी लागतो. 3.5 टक्क्यांनी अधिभार 63 रुपये, त्यावरील कर 11 रुपये 34 पैसे, म्हणजे एकूण 1,874 रुपये 34 पैसे. त्यात प्रत्यक्ष वळतीच्या दिवशी दर थोडा बदललेला असू शकतो. अशा सबस्क्रिप्शनला 2,500 रुपयांची मर्यादा पुरेशी आहे. ती लाखभर ठेवू नका, कारण ओटीपीशिवाय होणाऱ्या व्यवहारात कार्डाचे तपशील चोरीला गेले तर नुकसान मर्यादित ठेवणारी हीच सोय आहे. (रुपयांतील किंमत परदेशातून वसूल होत असेल, तर काही बँका त्यावरही अधिभार लावतात, पहिल्या महिन्याच्या खातेउताऱ्यात ते तपासा.)

बटण आणि मर्यादा दोन्ही ठीक असूनही नकार येत असेल, तर दुसरी शक्यता बँकेने स्वतःहून घातलेल्या अडवणुकीची आहे. ज्या कार्डावर आजवर फक्त देशांतर्गत खरेदी झाली, त्यावर अचानक परदेशातून, ओटीपीशिवाय मागणी आली आणि ती थोड्या वेळात पुन्हा पुन्हा आली, तर बँकेच्या फसवणूक-नियंत्रण यंत्रणेला ते चोरलेल्या कार्डाची चाचणी घेतल्यासारखे दिसते. माझ्या चौथ्या प्रयत्नानंतर नेमके हेच झाले. पहिले तीन नकार मर्यादेमुळे होते. चौथ्यानंतर बँकेने परदेशी व्यवहारच रोखले, आणि मर्यादा वाढवल्यावरही कार्ड चालेना. संशयास्पद व्यवहाराविषयी बँकेचा एसएमएस आला होता, तो मी जाहिरात समजून सोडून दिला होता. तुम्ही तीन प्रयत्न केलेले आहेत, तेव्हा आता आणखी प्रयत्न न करता आधी एसएमएस आणि ईमेल चाळा. मात्र त्यातील दुव्यावर जाऊ नका किंवा त्यात दिलेला क्रमांक लावू नका. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच फोन करा.

फोनवर "कार्ड का चालत नाही?" असे विचारल्यास मला मिळाले तसेच उत्तर मिळेल. त्याऐवजी तारीख, वेळ आणि रक्कम सांगून त्या विशिष्ट व्यवहाराच्या नकाराचे कारण विचारा. बँक प्रत्येक नकारासोबत दोन अंकी संकेत पाठवते. `51` म्हणजे शिल्लक अपुरी, `57` म्हणजे या कार्डाला या प्रकारचा व्यवहार करण्याची परवानगी नाही, `61` म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली, आणि `05` म्हणजे कारण न सांगता दिलेला नकार. संकेतस्थळ मात्र या सगळ्यांसाठी एकच वाक्य दाखवते, कारण नेमके कारण कळले तर चोरलेली कार्डे तपासणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो. बँकेने "असा व्यवहार आमच्याकडे आलेलाच नाही" असे सांगितले तर तीही उपयुक्त माहिती आहे. मग नकार विक्रेत्याच्या बाजूचा असतो. उदाहरणार्थ, कार्ड रुपे असेल आणि विक्रेता फक्त व्हिसा व मास्टरकार्ड घेत असेल, तर बँकेपर्यंत मागणी पोहोचतच नाही आणि अ‍ॅपमधील कोणतेही बटण तेथे कामाचे नाही.

तिसरे कारण फक्त सबस्क्रिप्शनलाच लागू होते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त माणसे येथेच गोंधळतात, कारण त्याच परदेशी संकेतस्थळावर एकदाच करायची खरेदी यशस्वी होते. सबस्क्रिप्शन म्हणजे दर महिन्याला तुमच्या अनुपस्थितीत पैसे कापण्याची परवानगी. अशा आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेची ई-मँडेटची, म्हणजे ही परवानगी बँकेकडे ऑनलाइन नोंदवण्याची, चौकट 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीने लागू झाली, आणि ती देशांतर्गत व परदेशी अशा दोन्ही वसुलींना आहे. परवानगी नोंदवताना तुमची पडताळणी व्हावी लागते, प्रत्येक वसुलीच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते, आणि 15,000 रुपयांपर्यंतची पुढची वसुली मग ओटीपीशिवाय होऊ शकते. जून 2022 पर्यंत ही मर्यादा 5,000 रुपये होती. विक्रेता आणि तुमची बँक या दोघांनीही ही व्यवस्था जोडलेली नसेल, तर बँकेकडे नोंदलेले मँडेट नसते आणि आवर्ती म्हणून खूण केलेली मागणी ती नाकारते. कधी हा नकार पहिल्याच दिवशी येतो, तर कधी पहिला महिना सुरळीत जातो आणि दुसऱ्या महिन्यात सेवा बंद पडते.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. नकार `57` किंवा `61` नसेल, बँकेने अडवणूक केलेली नसेल आणि तरीही अडत असेल, तर बँकेला एवढेच विचारा की परदेशी विक्रेत्याचे ई-मँडेट या कार्डावर नोंदवता येते का. उत्तर नकारार्थी असेल तर बटणे उलटसुलट करण्यात वेळ घालवू नका. त्या विक्रेत्याकडे स्वयंनूतनीकरण बंद ठेवून एका वर्षाचे पैसे एकदाच भरण्याची सोय आहे का ते पाहा. तीच सेवा मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरमधून यूपीआय ऑटोपेने घेता येत असेल तर परदेशी कार्डव्यवहाराचा प्रश्नच उरत नाही. अन्यथा दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरा. मँडेट नोंदले गेले तर त्यातील कमाल रकमेकडेही लक्ष ठेवा. सेवेची किंमत वाढून त्या रकमेपलीकडे गेली, की सगळे सुरळीत असूनही त्या महिन्याची वसुली होत नाही आणि मँडेट नव्याने नोंदवावे लागते.

तुमच्या बाबतीत मी आज प्रथम इंटरनॅशनल ऑनलाइनचे बटण व त्याखालची मर्यादा पाहीन, मग बँकेला फोन करून तिन्ही नकारांची कारणे विचारीन व अडवणूक असेल तर ती काढून घेईन, आणि त्यानंतरच एकदा, फक्त एकदा, पुन्हा प्रयत्न करीन. त्या वेळीही नकार आला तर त्याचा संकेत आणि कार्डाचा प्रकार एवढेच येथे लिहा, बँकेचे नाव नको, म्हणजे मँडेटचा प्रश्न आहे की विक्रेत्याचा, हे सांगता येईल.