पेशी विभाजनाच्या स्लाइड्स ओळखता येतात, पण व्हायवात "कशावरून?" विचारलं की अडकते. रूममेटबरोबर तयारी नेमकी कशी करू?

एकमेकींना अवस्थांची नावं विचारू नका. "कशावरून?" हाच प्रश्न विचारा आणि एक अट घाला: या स्लाइडवर डोळ्यांना जे दिसत नाही, ते उत्तरात आणायचं नाही. पुस्तकात स्पिंडलचे तंतू रंगवून काढलेले असतात, म्हणून मुली बिनधास्त म्हणतात की "स्पिंडल तंतू दिसतात". ॲसिटोकारमाइनने रंगवलेल्या कांद्याच्या मुळाच्या स्क्वॉशमध्ये ते सहसा दिसतच नाहीत, कारण हा रंग मुख्यतः क्रोमॅटिन धरतो. परीक्षकाने "दाखव बरं" म्हटलं की तिथेच पंचाईत होते.

मी आणि माझी रूममेट हॉस्टेलवर अशीच तयारी करायचो. एकीने परीक्षक व्हायचं, दुसरीने उत्तर द्यायचं आणि उत्तर अडलं की भूमिका बदलायची. समोर आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीतल्या आकृत्या आणि मायक्रोस्कोपखाली काढलेले फोटो असायचे. त्यातला जो भाग सगळ्यात जास्त कामाला आला, तो आठवतो तसा लिहिते.

ती: ही पेशी कोणत्या अवस्थेत आहे?
मी: मेटाफेज.
ती: कशावरून?
मी: गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका पट्ट्यात आली आहेत, केंद्रकाची कड कुठेच दिसत नाही, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाहू बाहेर आलेले दिसतात.
ती: बरं. आता शेजारची बघ. इथे पट्टा नाही, गुणसूत्रं गोलाकार पसरलीत. ही प्रोमेटाफेज का नाही म्हणायची?
मी: मध्यभाग बघ, जवळजवळ मोकळा आहे. गुणसूत्रांची वळणं आतल्या बाजूला आणि बाहू बाहेरच्या बाजूला, सगळी एकाच शिस्तीत. म्हणजे हाही मेटाफेजच आहे, फक्त आपण ध्रुवाच्या बाजूने बघतोय. प्रोमेटाफेजमध्ये ही शिस्त नसते. एखादं गुणसूत्र आडवं, एखादं उभं, काही कडेला राहिलेली असतात.
ती: आणि ठरवताच आलं नाही तर?
मी: तर तसंच सांगायचं: "ध्रुवाकडून दिसणारा मेटाफेज किंवा उशिराचा प्रोमेटाफेज. स्क्वॉशमध्ये पेशी दाबली गेली आहे, त्यामुळे मूळची मांडणी हलली असू शकते."

हे शेवटचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन शक्यता आणि शंकेचं कारण सांगणारी मुलगी उगाच ठाम बोलणाऱ्या मुलीपेक्षा जास्त जाणते, हे परीक्षकाला लगेच कळतं.

इंटरफेज आणि प्रोफेजचा प्रश्न आम्ही पटकन उरकायचो. इंटरफेजच्या केंद्रकात रंग साधारण सारखा पसरलेला असतो आणि आत केंद्रकीची एखादी फिकट गोल जागा दिसते. प्रोफेजमध्ये दोऱ्याच्या गुंत्यासारखे वेगवेगळे धागे दिसू लागतात. हळूहळू ती फिकट जागा हरवते. फाइन फोकस वर-खाली केल्यावर धागे सलग पुढे जाताना दिसले, तर बेधडक प्रोफेज म्हणा.

मग यायचा खरा घोळ. स्लाइड मुळाची आहे की परागकोशाची हे न सांगता परीक्षक नुसता एक ॲनाफेज दाखवतो, तेव्हा काय करायचं? इथे भूमिका बदलल्या होत्या.

मी: हा ॲनाफेज माइटोसिसचा की मायोसिसचा?
ती: गुणसूत्रं दोन ध्रुवांकडे चाललीत, म्हणजे माइटोसिस.
मी: ते तर मायोसिसच्या दोन्ही ॲनाफेजमध्येही होतं. पुढे सांग.
ती: मग मोजायचं. कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रं. माइटोसिसच्या ॲनाफेजमध्ये क्रोमॅटिड वेगळे होतात, म्हणून प्रत्येक ध्रुवाकडे १६ जातात. पहिल्या ॲनाफेजमध्ये जोडीतली अख्खी गुणसूत्रं वेगळी होतात, म्हणून प्रत्येक ध्रुवाकडे ८.
मी: सगळी एकमेकांवर चढलीत, मोजता येत नाहीत. आता?
ती: आता आकार. माइटोसिसमध्ये ध्रुवाकडे जाणारं प्रत्येक गुणसूत्र एकेरी असतं. त्याचा "व्ही" किंवा "जे" दिसतो आणि टोक ध्रुवाकडे असतं, कारण सेंट्रोमिअर पुढे ओढला जातो आणि बाहू मागून येतात. पहिल्या ॲनाफेजमध्ये प्रत्येक गुणसूत्राला अजून दोन क्रोमॅटिड असतात. ते फक्त सेंट्रोमिअरपाशी जोडलेले, बाहू फाकलेले. त्यामुळे एकेका गुणसूत्राला चार बाहू दिसू शकतात.
मी: आणि पेशीवरून काही कळतं?
ती: मुळाच्या पेशी चौकोनी-आयताकृती असतात, स्क्वॉशमध्ये सुट्या झाल्या तरी कोपरे बऱ्यापैकी टिकतात. परागकोशातल्या मातृपेशी मोठ्या आणि गोलसर.
मी: मग दुसरा ॲनाफेज कसा ओळखशील? तिथेही क्रोमॅटिडच वेगळे होतात, व्ही आकारही येणार.
ती: तो एकटा सापडत नाही. कांद्यात पहिल्या विभाजनानंतर लगेच मधे भिंत येते, त्यामुळे दोन अर्ध्या पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि दोघींमध्ये दुसरं विभाजन साधारण एकाच वेळी चालतं. शेजारच्या पेशीतही तसंच चित्र दिसलं आणि प्रत्येक ध्रुवाकडे ८ च गुणसूत्रं असली, की दुसरा ॲनाफेज.

या उत्तराचा क्रम लक्षात ठेवा: आधी संख्या, ती जमली नाही तर गुणसूत्राचा आकार, मग पेशीचा आकार आणि शेजार. मेटाफेजलाही हाच क्रम चालतो. पहिल्या मेटाफेजमध्ये १६ सुटी गुणसूत्रं नसतात, ८ जोड्या असतात. काही कड्यासारख्या तर काही फुलीसारख्या दिसतात, कारण जोडीतली गुणसूत्रं कायझ्मापाशी अजून अडकलेली असतात.

स्लाइड बनवण्यावर प्रश्न हमखास येतात. आम्ही त्यातही कृती पाठ म्हणायचो नाही, ती चुकली तर काय दिसेल ते विचारायचो.

ती: मुळाची टोकं हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये का ठेवतात?
मी: पेशींना एकमेकींशी जोडणारा पेक्टिनचा थर सैल व्हावा म्हणून. १ नॉर्मल ॲसिड, साधारण ६० अंश सेल्सिअसला, काही मिनिटं.
ती: कमी वेळ ठेवलं तर स्लाइडवर काय दिसेल?
मी: पेशी सुट्या होणार नाहीत, थरावर थर दिसतील आणि एकावर फोकस केलं की खालची धूसर होईल.
ती: आणि जास्त वेळ?
मी: ऊतक पार मऊ पडेल आणि गुणसूत्रं नीट रंग घेणार नाहीत.
ती: पेशी छान सुट्या झाल्यात, रंगही चांगला आलाय, पण विभाजन कुठेच नाही. का?
मी: टोक चुकीच्या जागी कापलं असेल. विभाजन टोकाच्या शेवटच्या २-३ मिलिमीटरमध्ये चालतं, त्याच्या वरच्या पेशी फक्त लांब होत असतात. लांबट पेशी जास्त दिसल्या की हेच कारण धरायचं.
ती: मेटाफेज भरपूर आहेत, पण ॲनाफेज एकही नाही?
मी: मुळं फिक्स करण्याआधी कोल्चिसिन किंवा ८-हायड्रॉक्सिक्विनोलीनमध्ये ठेवली असतील. स्पिंडल तयार होत नाही, म्हणून पेशी तिथेच थांबतात. गुणसूत्रं मोजायला अशी स्लाइड उत्तम, पण माइटोटिक इंडेक्स काढायला नको, कारण थांबलेल्या पेशींमुळे तो फुगतो.

माइटोटिक इंडेक्स निघालाच आहे तर त्याचं गणित एकदा हाताने करून ठेवा. समजा तुम्ही २०० पेशी मोजल्या: इंटरफेज १७०, प्रोफेज १८, मेटाफेज ५, ॲनाफेज ३, टेलोफेज ४. विभाजनात असलेल्या पेशी ३०, म्हणून इंडेक्स १५ टक्के. परीक्षक पुढे विचारतो, "मेटाफेजला वेळ किती लागतो?" जी अवस्था जास्त वेळ टिकते, त्या अवस्थेतल्या पेशी जास्त सापडतात. मेटाफेज २०० पैकी ५, म्हणजे अडीच टक्के. पेशीचक्र २० तासांचं धरलं तर मेटाफेज सुमारे अर्ध्या तासाचा. प्रोफेज ९ टक्के, म्हणजे १ तास ४८ मिनिटं.

इथे माझी रूममेट नेहमी एक प्रश्न टाकायची: "हे गणित कधी चुकतं?" मोजलेल्या सगळ्या पेशी विभाजन करणाऱ्या आहेत आणि त्या आपापल्या वेळेने चालल्या आहेत, असं आपण धरून चालतो. मोजणीत वरच्या लांबट पेशी शिरल्या तर इंटरफेजचा आकडा वाढतो आणि बाकी सगळ्या वेळा कमी निघतात. म्हणून मोजताना टोकाजवळचाच भाग घ्यायचा आणि एकाच गर्दीच्या जागेवर न थांबता वेगवेगळ्या ठिकाणची फील्ड्स घ्यायची.

टेलोफेजवर मात्र थोडा जास्त वेळ द्या, कारण शेजारी-शेजारी असलेल्या दोन साध्या पेशी टेलोफेज म्हणून हमखास खपवल्या जातात. टेलोफेजची दोन्ही केंद्रकं लहान आणि गडद असतात, आत धागे अजून दाटलेले असतात. दोघांच्या मधे पेशीपट्टीची बारीक रेष असते किंवा नुसती मोकळी जागा असते, पुरी भिंत नसते. केंद्रकं मोठी आणि फिकट असतील, मधली भिंत बाजूच्या भिंतींइतकीच जाड असेल, तर त्या दोन इंटरफेज पेशी आहेत. कॉलेजची स्लाइड हाताशी असेल तर आज असा एक टेलोफेज आणि अशी एक फसवी जोडी शोधा, आणि कोणती कुठली ते रूममेटला न सांगता तिच्याकडून ओळखून घ्या.