बेदाण्याच्या शेडमधली गोष्ट पत्रात किती लिहायची?

"मॅडम, मास्टर्सच्या अर्जासोबत मोटिव्हेशन लेटर द्यायचंय. सगळे म्हणतात स्वतःचं काहीतरी लिही, नाहीतर पत्र कोरडं वाटतं. पण लिहायला बसले की आजोबांपासून सुरू होतं आणि आत्मचरित्रच होऊन बसतं. किती सांगायचं आणि कुठे थांबायचं?"

सांगलीत माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झालेली, आणि परदेशात त्याच विषयात मास्टर्ससाठी अर्ज करत होती. पत्राला 500 शब्दांची मर्यादा होती आणि तिचा मसुदा जवळजवळ दुप्पट. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग घरचा होता. आजोबांनी लावलेली पहिली बाग, दुष्काळात टँकरने घातलेलं पाणी, वडिलांचं कर्ज, दहावीचे मार्क. शेवटच्या परिच्छेदात घाईघाईने कोर्सचं नाव.

त्यातलं सगळं खरं होतं, वाचताना मला भरूनही आलं. पण प्रवेश समिती ज्या गोष्टीसाठी पत्र मागते, ती त्यात सापडत नव्हती. या विषयात तुम्ही स्वतःहून काय केलंत आणि पुढे नेमकं काय शिकायचंय, हे त्यांना बघायचं असतं. दुष्काळ तिच्यावर आला होता, कर्ज वडिलांनी काढलं होतं. या सगळ्यात ती स्वतः काही करताना कुठेच दिसत नव्हती.

म्हणून मी तिला विचारलं, "कुणी सांगितलेलं नसताना तू या विषयात काय केलंस, असा एखादा दिवस आठवतो का?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, ते फार किरकोळ आहे." आणि तिने जे सांगितलं, ते आम्ही तिथेच कागदावर उतरवलं:

"दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये अवकाळी पावसात आमच्या शेडमधला बेदाणा काळपट पडला. पण सगळा नाही. रॅकच्या पावसाकडच्या टोकाचा काळपट, मधला हिरवाच. द्राक्षं एकाच बागेतली आणि एकाच दिवशी डिपिंगच्या द्रावणात बुडवून वाळत टाकलेली होती. मी प्रत्येक कप्प्यातून मूठभर मणी वेगळ्या पिशवीत घेतले, पिशवीवर जागा लिहिली आणि कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांचा ओलावा तपासला."

एवढंच, पन्नासेक शब्द. यात "मला लहानपणापासून आवड आहे" असं कुठे म्हटलेलं नाही, तरी मूठभर मणी पिशवीत भरणारी मुलगी वाचणाऱ्याला दिसते.

प्रसंग कुठे तोडायचा, यावर आमची चर्चा लांबली. तिला पुढे वडिलांचं नुकसान लिहायचं होतं. मी म्हटलं, ओलावा तपासलास तिथे थांब आणि पुढचं वाक्य "त्यामुळे मी" असं सुरू कर. "त्यामुळे मला जाणवलं" नको, कारण जाणीव कुणीही लिहू शकतं. तिने लिहिलं, "त्यामुळे मी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शेडमधल्या हवेच्या वहनावर केला." त्यापुढे मग विषयाचं ज्ञान येऊ दिलं. दमट हवेत मणी सावकाश सुकतो, त्यातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराला काम करायला जास्त वेळ मिळतो आणि रंग तपकिरी होत जातो. तिच्या प्रकल्पात काय मोजलं, काय मोजता आलं नाही, आणि त्यासाठी या अभ्यासक्रमातला वाळवण प्रक्रियेच्या गणिती मॉडेलचा विषय का हवा, यावर पत्राचा मोठा भाग गेला. ते राहिलेलं मोजमाप हेच तिचं तिथे जाण्याचं खरं कारण होतं.

एक पडताळणी मी प्रत्येक मसुद्याला लावते. प्रसंगावर हात ठेवून उरलेलं पत्र वाचायचं. प्रसंग नसला तरी पुढचं सगळं जसंच्या तसं चालत असेल, तर तो नुसता सजावटीचा आहे. उलट, प्रसंग झाकल्यावर काहीच उरत नसेल, तर पत्राचा गाभाच लिहायचा राहिलाय. तिच्या नव्या पत्रात प्रसंग झाकला की प्रकल्प कुठून आला ते कळेना, पण प्रकल्प आणि पुढचा अभ्यास शाबूत होता. तेवढं जमलं की पुरे.

कर्ज आणि दुष्काळ आम्ही फेकून दिले नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जात आर्थिक परिस्थितीसाठी वेगळा रकाना होता, तिथे ते आकड्यांसह गेले.

आणि प्रसंग घडलेलाच हवा. मुलाखत असेल तर बहुधा त्यावरच पहिला प्रश्न येतो. तिलाही मी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं होतं, "पिशव्या बंद कशा केल्या होत्या? लॅबपर्यंत नेताना ओलावा बदलला नसेल कशावरून?" ती म्हणाली, "नुसत्या गाठी मारल्या होत्या मॅडम, त्यामुळे पहिले आकडे मी प्रकल्पात धरलेच नाहीत. पुढच्या हंगामात झाकणाच्या डब्या नेल्या." हे वाक्य पत्रात नाही. ते मुलाखतीसाठी राखून ठेवायला सांगितलं.