रिव्ह्यू घेताना नवे-जुने क्लायंट वेगळे काढ

तीन महिन्यांनी सलूनमधल्या स्टायलिस्टच्या कामाचा रिव्ह्यू घेशील ना, तेव्हा रिबुकिंगचा एकच आकडा धरून बसू नकोस. समज, एका स्टायलिस्टच्या ४० जुन्या क्लायंटपैकी ३० जणांनी निघतानाच पुढची अपॉइंटमेंट घेतली, पण २० नव्यांपैकी फक्त ४ जणांनी, तर एकत्र धरून ५७ टक्के दिसतात आणि नव्यांची गळती झाकली जाते. मग त्या नव्यांचाच फीडबॅक वाच, "कट छान पण सांगितल्यापेक्षा जास्त कापले" असं परत परत येत असेल तर गडबड बहुतेक हातात नाही, कन्सल्टेशनमध्ये आहे. म्हणून स्किल चेकला नुसतं डमीवर कापायला लावू नकोस, खरी मॉडेल बसव आणि स्टायलिस्ट कात्री लावायच्या आधी तिला लांबी बोटाने दाखवून विचारते का ते बघ. आकडे मात्र स्टायलिस्टला रिव्ह्यूच्या आदल्या दिवशीच दे, आणि बोलायचं ते एकटीशी, सगळ्यांसमोर अजिबात नको.