सुपारीच्या विरीच्या प्लेटा: मशीन आधी की विरी आधी?

"सुपारीच्या पानाच्या प्लेटा बनवायचं छोटं युनिट टाकायचंय. मशीन कोणतं घेऊ?"

मशीनचं नंतर बघू, आधी विरीचा, म्हणजे झावळीच्या बुंध्याकडच्या रुंद चिवट भागाचा, हिशोब मांडा, कारण प्लेट त्याचीच होते. समजा एका प्रेसवर दिवसाला ३०० मोठ्या प्लेटा काढायच्या आणि वर्षात ३०० दिवस काम, म्हणजे ९०,००० प्लेटा. मोठी प्लेट एका विरीतून साधारण एकच निघते, उरलेल्या तुकड्यात फार तर वाटी. एक झाड वर्षाला सहाएक विऱ्या टाकतं, त्यातल्या फाटक्या, डागाळलेल्या, अरुंद बाजूला काढल्या की निम्म्याच हाताला लागतात असं धरा. म्हणजे ३०,००० झाडं, एकरी साडेपाचशे धरली तर जवळपास ५५ एकर बाग. एवढे बागवाले तुमच्याशी बोललेत का, आणि गळालेली विरी दोन-तीन दिवसांत उचलायला माणूस आहे का? कारण ओल्या मातीत पडून राहिली की ती काळी पडते, मग कितीही घासा, तो डाग जात नाही.

पावसात वाळलेला माल मिळतच नाही, त्यामुळे तेवढ्या महिन्यांचा साठा आधीच कडकडीत वाळवून, जमिनीपासून वर फळ्यांवर, हवा खेळेल असा रचून ठेवावा लागतो. शेडची जागा मशीनला कमी आणि साठ्यालाच जास्त लागते, हे सुरुवातीला कुणी सांगत नाही.

आता खरी गोम ओलाव्याची. वाळलेली विरी वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात ठेवायची, ब्रशने रेषांच्या दिशेने घासायची आणि उभी करून निथळू द्यायची. हातात वाकवून बघा: कट्कन आवाज आला तर अजून कोरडी आहे, साच्यात कोपऱ्याला चिरणार. दाबल्यावर पाणी सुटलं तर जास्त ओली आहे, वाफ आत कोंडून पापुद्रा सुटतो. मधला जाड भाग साच्याच्या मध्यावर आणि गुळगुळीत आतली बाजू वर ठेवा. साचा १०० अंशाच्या आसपास पुरतो, कड तपकिरी होऊन जळका वास आला की उष्णता कमी करा. दाब देऊन क्षणभर उचला, वाफ जाऊ द्या, मग पुन्हा दाबा. खोल चौकोनी साचे जास्त चिरतात म्हणून सुरुवात उथळ गोल साच्यानेच करा.

माझं पहिल्या पावसाळ्यात नुकसान झालं ते मात्र प्रेसवर नाही, पॅकिंगला. प्रेसमधून काढल्यावर प्लेट कोरडीच वाटते, म्हणून त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकमध्ये बंद करून माल पाठवला, आणि बारा दिवसांनी कॅटररने अख्खी खेप परत केली, प्लेटांच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी! तेव्हापासून दहा प्लेटा संध्याकाळी वजन करून ठेवतो आणि सकाळी पुन्हा करतो, वजन घटलं असेल तर खेप अजून वाळायची आहे, पॅक करायची नाही. पावसाळी हवेत उलट वजन वाढतं सुद्धा, तेव्हा उन्हाच्या भरवशावर न राहता गरम हवेची पेटी लागतेच, मशीनच्या कोटेशनमध्ये ती धरलीय का बघा. आणि नसेल तर एक साचा कमी घ्या पण पेटी घ्याच.