आप्पांची पिशवीभर फाईल एका पानात

भाऊ, नव्या डॉक्टरांना दाखवायला घरच्या माणसाचे जुने रिपोर्ट-चिठ्ठ्या एका पानात आणायच्या तर आधी सगळे कागद तारखेने लाव, पण रिपोर्टवर दोन-तीन तारखा असतात त्यातली रक्त घेतल्याची धर, प्रिंटची नको. ईसीजीच्या कागदावरची छपाई उडते, त्याची आधी झेरॉक्स काढ.

आमच्या आप्पांचं जळगाव-धुळ्याचं मिळून पिशवीभर होतं, मी फक्त किडनीचं काम कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन आणि गोळ्या कधी चालू-बंद झाल्या तेवढं एकाखाली एक लिहिलं. २०१९ ला १.१, २०२० ला गुडघ्यासाठी पेनकिलर रोजची सुरू, २०२१ ला १.५, २०२३ ला १.९. नव्या डॉक्टरांनी पहिलं पेनकिलरच विचारलं, ती तर आप्पा मेडिकलवरून परस्पर आणायचे, कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती! म्हणून घरच्यांना विचारून लिही, फक्त अशा ओळीपुढे "सांगण्यावरून" असं टाक, आणि कारण-बिरण आपल्या मनानं जोडू नको.